मेदुवड्याचे पीठ: पाणी कमी, हवा भरपूर

प्रश्न: मी एक वाटी उडदाची डाळ रात्रभर भिजवते आणि मिक्सरमध्ये साधारण अर्धी वाटी पाणी घालून वाटते. पाणी कमी घातले तर मिक्सर फिरत नाही. पीठ हाताला चिकटते, वड्याचे भोक टिकत नाही, वडे तेल पितात आणि तळल्यावर दहा मिनिटांत वरून मऊ पडतात. आत हलका आणि बाहेर कुरकुरीत वडा होण्यासाठी नेमके काय करावे?

उत्तर: या चारही तक्रारींच्या मुळाशी पिठातले जास्तीचे पाणी आहे, आणि त्यातले बरेचसे पाणी मिक्सर सुरू होण्याच्या आधीच डाळीत गेलेले असते. आपली वाटी साधारण 200 ग्रॅम डाळीची आहे असे धरू. ही डाळ पुरती भिजली की तिचे वजन जवळजवळ दुप्पट होते, म्हणजे सुमारे 200 ग्रॅम पाणी डाळीच्या पोटातच असते. त्यावर अर्धी वाटी, म्हणजे सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास पाणी पडले की पीठ इडलीच्या वळणावर जाते. वड्यासाठी एवढ्या डाळीला वरून तीन ते चार मोठे चमचे, म्हणजे 45 ते 60 मिलिलिटर पाणी पुरे होते. चाळणीत डाळ नीट निथळली नसेल तर त्यातले एकदोन चमचे डाळीला चिकटलेल्या पाण्यातूनच येतात. म्हणून पाणी कमी करण्याचे काम वाटण्यापासून नव्हे, तर भिजवण्यापासून सुरू करावे लागते.

डाळ शक्यतो सोललेली अख्खी, म्हणजे गोटा उडदाची घ्यावी. ती भिजवण्यापूर्वीच दोनतीन पाण्यांतून स्वच्छ धुवावी आणि भिजल्यानंतर पुन्हा चोळून धुऊ नये. भिजलेल्या उडदाला जो बुळबुळीतपणा येतो, त्यातच वड्याचा हलकेपणा दडलेला असतो. उडदात एक चिकट कर्बोदक आणि विरघळणारी प्रथिने असतात. वाटताना आणि फेटताना पिठात शिरलेल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांना ही दोन्ही मिळून धरून ठेवतात. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या डाळीचे पीठ कितीही फेटले तरी उडदासारखे फुलत नाही, त्याचे कारण हेच. भिजलेली डाळ चोळून धुतली की हा बुळबुळीतपणा पाण्याबरोबर निघून जातो.

भिजवण्याची वेळ तीन ते चार तासांची ठेवावी. डाळ पुरेशी भिजली की नाही हे घड्याळापेक्षा दाण्यावरून ओळखावे. एक दाणा नखाने मधोमध तोडून पाहावा. आत पांढरा, कोरडा, कडक ठिपका दिसत नसेल आणि दाणा स्वच्छ तुटत असेल तर डाळ तयार आहे. रात्रभर भिजवलेल्या डाळीत पाणी अधिक शिरते, तिचा चिकटपणा भिजवणीच्या पाण्यात उतरतो आणि उष्ण हवेत ती आंबायलाही लागते. वड्याच्या पिठाला आंबण्याची गरज नसते. आंबवलेले पीठ सैल पडते, त्यातले बुडबुडे मोठे होतात आणि असा वडा जास्त तेल शोषतो. रात्रीच भिजवणे सोयीचे असेल तर भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. एरवी भिजवण्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात डाळ पाण्यासकट फ्रिजमध्ये ठेवली तर वाटताना तिचा फायदा होतो. त्यानंतर डाळ चाळणीत काढून दहा ते पंधरा मिनिटे निथळू द्यावी आणि मधूनमधून चाळणी हलवावी, म्हणजे तळाशी अडकलेले पाणीही उतरते. डाळ फार जुनी असली तर चार तासांनंतरही काही दाणे टणक राहतात आणि पीठ रवाळ होते. अशा डाळीचे वडे कितीही फेटले तरी हवे तसे फुलत नाहीत. तिथे कृती बदलण्यापेक्षा डाळ बदलावी.

आता मिक्सरकडे येऊ. कमी पाण्यात मिक्सर अडतो हे आपले निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरचा उपाय पाणी वाढवणे हा नाही. दोनशे ग्रॅम डाळ एकदम भांड्यात घालू नये, तिचे दोन भाग करावेत. पहिला भाग पाण्याविना थांबून थांबून फिरवावा आणि जाडसर भरड करून घ्यावी. मिक्सर बंद करून भांड्याच्या कडेला चिकटलेली डाळ चमच्याने खाली ओढावी. मग बर्फाचे गार पाणी एक चमचा घालून वीस ते तीस सेकंद फिरवावे, पुन्हा बंद करून कडा खरवडाव्यात आणि गरज भासली तरच पुढचा चमचा घालावा. पीठ घट्ट असताना पात्याभोवती हवेची पोकळी तयार होते, पाते मोकळे फिरू लागते आणि मिक्सरचा आवाज एकदम हलका व तीव्र होतो. हा आवाज आला की अनेकजण घाईने पाणी ओततात. प्रत्यक्षात तो मिक्सर थांबवून पीठ खालीवर करण्याचा इशारा असतो. या खालीवर करण्यात वेळ जातो हे खरे, पण पाण्याऐवजी आपण हाच वेळ देत असतो.

गार पाण्याचा आग्रह मोटरसाठी नाही. पाते वेगाने फिरते तेव्हा पीठ तापते. तापलेले पीठ आधी घट्ट वाटले तरी नंतर सैल पडते आणि त्यात हवा नीट टिकत नाही. भांड्याच्या तळाला हात लावून पाहावा. तो कोमट लागला तर पाच मिनिटे थांबावे. वाटलेले पीठ दोन बोटांत चोळल्यावर जवळजवळ गुळगुळीत लागले पाहिजे. अगदी पुसटसा रवा चालतो, पण डाळीचे अर्धवट तुकडे मुळीच राहू नयेत, कारण तळताना तेच वडा फोडतात. चमच्यात घेऊन चमचा उलटा केला तर पीठ ओघळू नये, थोडे थांबून एक गोळा होऊन खाली पडावे. आपल्याकडे दगडी ग्राइंडर असेल तर वीस ते पंचवीस मिनिटे डाळ फिरवून मधूनमधून हाताने पाण्याचा शिपका द्यावा. दगडाची गती कमी असल्याने पीठ तापत नाही आणि वाटतानाच हवा पिठात मिसळत जाते. मिक्सरमध्ये वाटणे लवकर होते, पण हवा कमी मिसळते. ती उणीव नंतर हाताने भरून काढावी लागते.

म्हणून मिक्सरच्या पिठासाठी फेटणे हा पर्याय नसून आवश्यक टप्पा आहे. पीठ रुंद परातीत किंवा खोलगट पातेल्यात काढावे. बोटे किंचित पसरून, तळापासून पीठ उचलत आणि आपटत, चार ते पाच मिनिटे सलग फेटावे. एकाच दिशेने फेटावे असे सांगण्याचा प्रघात आहे. दिशेपेक्षा सातत्य महत्त्वाचे असते, पण एका दिशेने हात चालवला की सातत्य आपोआप राहते, म्हणून ती सवय चांगली आहे. सुरुवातीला पीठ जड आणि पिवळसर पांढरे असते. हळूहळू रंग उजळतो, आकारमान वाढल्याचे दिसते आणि हात उचलला की पिठाची टोके काही क्षण उभी राहतात. हाताला जाणवणारा जडपणा जाऊन पीठ मऊसूत लागू लागले की थांबावे.

याची खात्री करण्यासाठी वाटीभर पाण्यात पिठाचा छोटा थेंब सोडून पाहावा. ही चाचणी बहुतेकांना माहीत असते, पण तिच्यातून दोन वेगवेगळ्या गोष्टी कळतात आणि त्या वेगवेगळ्या वाचाव्या लागतात. थेंब लगेच वर तरंगला तर पिठात हवा पुरेशी आहे. तरंगताना त्याने आपला आकार राखला तर पाणीही योग्य आहे. थेंब बुडाला पण गोल राहिला, तर पीठ घट्ट असून हवा कमी आहे, म्हणजे आणखी दोनतीन मिनिटे फेटावे. थेंब तरंगला पण त्याच्या कडा पाण्यात विरू लागल्या, तर हवा आहे पण पाणी जास्त झाले आहे. अशा पिठाला कितीही फेटले तरी वड्याचा आकार मिळणार नाही. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून आपले पीठ या शेवटच्या प्रकारात मोडत असावे. थेंब बुडून विरघळलाच, तर त्या पिठाचे वडे करण्याचा नाद सोडावा आणि ते अप्पेपात्रात घालावे.

किंचित सैल झालेले पीठ मात्र सावरता येते. आधी ते झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. गार झाल्याने ते बरेच आवळते आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. त्यानंतरही सैल वाटले तर एक मोठा चमचा तांदळाचे पीठ मिसळावे. पुढचा चमचा पाच मिनिटे थांबून, पीठ पाहून मगच घालावा. तांदळाच्या पिठाने वरचा पापुद्रा अधिक कोरडा आणि कुरकुरीत होतो, म्हणून पीठ चांगले जमलेले असतानाही या प्रमाणाला एक चमचा घालण्यास हरकत नाही. दोन चमच्यांच्या पुढे गेले की आतला भाग घट्ट होतो आणि गार झालेला वडा कडक लागतो. खाण्याचा सोडा मी घालत नाही आणि घालू नये असेच सांगेन. त्याने वडा फुगतो खरा, पण तो जाळीदार होऊन तेल शोषतो आणि आत शिजण्याआधी बाहेरून लालबुंद होतो. फेटून आलेला हलकेपणा आणि सोड्याने आलेली फुगवट यांतला फरक पहिल्याच घासाला कळतो.

मीठ सर्वांत शेवटी, तेल तापत ठेवल्यावर घालावे. मीठ घालून ठेवलेले पीठ हळूहळू सैल होत जाते. पहिले चार वडे सुबक आणि शेवटचे चार बेढब होतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. पीठ जास्त असेल तर एका वेळी तळायचे तेवढेच वेगळे काढून त्यात मीठ मिसळावे. भरडलेली मिरी, जिरे, हिंग, आले, हिरवी मिरची, खोबऱ्याचे काप आणि कढीपत्ता हे सर्व कोरडे असले पाहिजे. कढीपत्ता धुऊन तसाच घातला तर पानांवरचे पाणी पिठात जाते आणि तळताना उडतेही. कांदा घालायचा असेल तर तो अगदी तळण्याच्या वेळी आणि थोडाच घालावा, कारण मीठ लागताच त्याला पाणी सुटते. मिसळताना हात हलका ठेवावा, म्हणजे फेटून भरलेली हवा निघून जात नाही.

आकार देण्यासाठी कढईशेजारी पाण्याचे रुंद भांडे ठेवावे. उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवून बाहेर काढावा आणि एकदा झटकावा. हात ओला हवा, पण त्यावरून पाणी ठिबकता कामा नये, कारण ठिबकणारे पाणी तेलात पडले की तेल उडते. मध्यम लिंबाएवढे पीठ चारही बोटांच्या टोकांकडच्या भागावर घ्यावे, तळव्यावर घेऊ नये. तळव्यावरून वडा सुटत नाही, बोटांवरून तो घसरतो. अंगठ्याने पीठ वरून हलकेच सपाट करावे. ते दाबून पातळ करू नये, थोडी जाडी राहू द्यावी. मग ओला अंगठा मधोमध खाली बोटांना लागेपर्यंत नेऊन किंचित गोल फिरवावा, म्हणजे भोक रुंद होते. ते दिसायला मोठे वाटेल एवढे ठेवावे, कारण तळताना वडा फुगून ते जवळपास निम्म्याने आक्रसते. या भोकामुळे वड्याचा मध्य तेलाच्या जवळ येतो आणि जाड वडाही आतून कच्चा राहत नाही.

हात तेलाच्या पृष्ठभागाजवळ, कढईच्या कडेशी नेऊन तिरका करावा आणि अंगठ्याने हलका धक्का देऊन वडा तेलात सरकू द्यावा. उंचावरून टाकलेला वडा तेल उडवतो आणि त्याचा आकारही बिघडतो. प्रत्येक वड्यासाठी हात नव्याने ओला करावा. पीठ बोटांना चिकटते तेव्हा बहुतेक वेळा हात कोरडा पडलेला असतो किंवा मागच्या वड्याचे पीठ बोटांवर वाळलेले असते. हाताने सोडण्याची भीती वाटत असेल तर मोठी चहाची गाळणी घ्यावी. तिची बाहेरची फुगीर बाजू ओली करून वर पीठ थापावे, भोक पाडावे आणि गाळणी तेलाजवळ उलटी करावी. वडा स्वतःच्या वजनाने सुटतो. ओल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर थापून तो ओल्या हातावर उलटवण्याची रीतही चांगली आहे, मात्र प्लॅस्टिक तेलाच्या जवळ नेऊ नये.

आता तळणी. कढईत तेल किमान दोन इंच खोल असावे, म्हणजे वडा तळाला टेकत नाही. तेल सुमारे 175 अंश सेल्सियस तापलेले असावे. तापमापक नसेल तर पिठाचा मिरीएवढा थेंब टाकून पाहावा. तो किंचित खाली जाऊन दोनतीन सेकंदांत बुडबुड्यांसह वर यावा आणि लगेच तांबूस होऊ नये. थेंब तळाशीच रेंगाळला तर तेल गार आहे. पडताक्षणी वर येऊन करपू लागला तर आच कमी करून थोडे थांबावे. मध्यम कढईत एका वेळी तीनचार वडेच सोडावेत. गार आणि ओले पीठ तेलात पडते तेव्हा तेलाचे तापमान चटकन उतरते. जास्त वडे सोडले तर ते परत वर येत नाही आणि वडे तेल पितात.

वडे सोडल्यानंतर पहिला मिनिटभर आच थोडी मोठी ठेवावी आणि त्यांना झाऱ्याने हात लावू नये. अर्ध्या-पाऊण मिनिटात खालचा पापुद्रा धरतो. त्याआधी उलटले तर वडा फाटतो किंवा झाऱ्याला चिकटतो. पापुद्रा धरल्यावर आच मध्यम करून वडे उलटावेत आणि पुढे दोनतीनदा उलटसुलट करत एकूण सहा ते सात मिनिटे तळावेत. या काळात बुडबुड्यांकडे लक्ष ठेवावे. सुरुवातीला वड्याभोवती मोठे, जोरदार बुडबुडे येतात आणि तेल खळखळते. ती वड्यातून निघणारी वाफ असते. वरच्या थरातले पाणी संपत आले की बुडबुडे बारीक आणि विरळ होतात आणि आवाजही मंदावतो. याच टप्प्यावर पापुद्रा खऱ्या अर्थाने कुरकुरीत होतो. रंग सोनेरी आला म्हणून बुडबुडे जोरात असतानाच वडा काढला, तर वरच्या थरात अजून पाणी असते आणि असा वडा काही मिनिटांत मऊ पडतो. आपले वडे दहा मिनिटांत मऊ पडण्याचे हे संभाव्य कारण आहे. सैल पिठात निघून जायला पाणी अधिक असते, त्यामुळे रंग आधी येतो आणि कोरडेपणा मागे राहतो.

तळल्यानंतर वडा क्षणभर झाऱ्यावर कढईच्या कडेला उभा धरावा, तेल निथळू द्यावे आणि मग जाळीवर किंवा चाळणीत ठेवावा. कागदावर आडवा ठेवलेला वडा खालून स्वतःच्याच वाफेने ओला होतो, आणि झाकण घातले तर सगळ्याच बाजूंनी. वडे उशिरा वाढायचे असतील तर ते दोनदा तळावेत. पहिल्यांदा मध्यम आचेवर, रंग फिका असतानाच, चार ते पाच मिनिटे तळून जाळीवर काढावेत. वाढण्याच्या वेळी तेल थोडे अधिक, सुमारे 185 अंशांपर्यंत तापवून मिनिट-दीड मिनिट पुन्हा तळावेत. मधल्या काळात आतला ओलावा बाहेरच्या थरात येतो आणि दुसऱ्या तळणीत तो उडून जातो. असे वडे एकदाच तळलेल्या वड्यांपेक्षा बऱ्याच वेळ कुरकुरीत राहतात.

वडा तेलात फुटण्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण त्याने भाजण्याचा धोका असतो. डाळीचे न वाटले गेलेले दाणे, अख्खी मिरी आणि न फेटलेल्या पिठात अडकलेल्या मोठ्या पोकळ्या ही त्याची नेहमीची कारणे आहेत. बाहेरचा थर आवळल्यावर आतली वाफ अशा जागी कोंडते आणि वडा फोडून बाहेर येते. पीठ गुळगुळीत वाटले, नीट फेटले आणि मिरी भरडून घातली की हे जवळजवळ थांबते. तरीही पहिला वडा एकटाच सोडून पाहावा आणि तोपर्यंत कढईपासून हातभर लांब उभे राहावे. त्या पहिल्या वड्याचा मधोमध तुकडा करावा. आत सारख्या आकाराची बारीक जाळी दिसली आणि बोटाने दाबल्यावर ती परत वर आली, तर उरलेले पीठ तसेच वापरावे. मध्यभाग चिकट आणि दाट असेल तर आच कमी करून पुढचे वडे जास्त वेळ तळावेत. जाळी मोठी, असमान आणि तेलकट असेल तर पीठ सैल आहे. बाकीच्या पिठाचे भांडे लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा दोन मिनिटे फेटून, तेल नव्याने तापवून पुढचे वडे सोडावेत.